एकाच अर्जात 'आपण', 'तुम्ही' आणि 'सदरहू अर्जदार' : शासकीय पत्रातील भाषेची सरमिसळ कशी काढावी

पत्र लिहून झाले, घरातल्या दोघांनी वाचले, शुद्धलेखनही ठीक वाटते आणि तरीही ते कुठेतरी अडखळते. बहुतेक वेळा दोष शब्दांच्या चुकीचा नसतो. एकाच कागदावर दोन-तीन जण बोलत असतात. सुरुवातीला कचेरीतला जुना कारकून, मधे घरी बोलणारा माणूस आणि शेवटी पुन्हा कारकून. हा दोष वारंवार येतो आणि जवळपास ठरलेल्या जागीच येतो, म्हणून त्या जागा तपासल्या की तो निघतो.

लक्षणे

खालीलपैकी दोन जरी दिसली तरी पत्रात सरमिसळ आहे असे समजावे.

- 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात, आणि तिसऱ्या ओळीत 'काहीच झालेलं नाही'.
- एका परिच्छेदात 'आपणास', पुढच्यात 'तुम्हाला', मधेच 'साहेब'.
- लिहिणारा कधी 'मी', कधी 'आम्ही', कधी 'सदर अर्जदार'.
- विनंतीच्या वाक्यात 'द्या' आणि 'करण्यात यावी' शेजारी शेजारी.
- 'माझे वडिलांचे नावे' आणि 'माझ्या आईच्या नावावर' एकाच पत्रात.
- प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह. अर्जात या दोन्हींची गरज क्वचितच पडते.

शेवटच्या लक्षणाला कमी लेखू नये. प्रश्नचिन्ह जिथे आहे, तिथे पत्राचा आवाज बदललेला असतोच.

हे का होते

पत्र तीन तुकड्यांतून जुळवलेले असते. सुरुवात आणि शेवट कुणाच्या तरी जुन्या अर्जावरून उचललेले असतात. मधला भाग, म्हणजे प्रत्यक्ष काय घडले ते, माणूस स्वतः सांगतो, आणि तो बोलतो तसाच लिहितो. मोबाइलवर बोलून टाइप केले असेल तर हा भाग शंभर टक्के बोलीत उतरतो. म्हणून तपासणी करताना पहिला परिच्छेद सोडून दुसऱ्यापासून सुरू करावे. दोष सांध्यावर असतो: जिथे नमुना संपतो आणि हकिगत सुरू होते तिथे, आणि जिथे हकिगत संपून विनंती येते तिथे.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. येथे भाषा दोन नाहीत, तीन आहेत. बोली ('केलं', 'तुमच्याकडनं'), आजची प्रमाण लेखी मराठी ('केले', 'आपल्याकडून') आणि जुनी कचेरी मराठी ('आपले कार्यालयाकडून', 'सदरहू', 'सबब'). अनेक जण बोली काढताना थेट तिसरीत उडी मारतात आणि सरमिसळ आणखी वाढवतात. नागरिकाच्या पत्राला मधली भाषा पुरते. पुढच्या सगळ्या दुरुस्त्या त्याच दिशेने आहेत.

पहिली तपासणी : शब्दाच्या शेवटचा अनुस्वार

ही सर्वांत सोपी आहे, दोन मिनिटांत होते आणि निम्मा दोष येथेच निघतो. 'केलं, झालं, सांगितलं, माझं, सगळं, कागदपत्रं, म्हणणं' ही रूपे बोलण्याची आहेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि राज्य शासनाने स्वीकारलेल्या लेखनविषयक नियमांत ती पात्राच्या तोंडी चालतात. एरवीच्या लेखनात 'केले, झाले, सांगितले, माझे, सगळे, कागदपत्रे, म्हणणे' असे लिहायचे असते.

पत्र संगणकावर असेल तर Ctrl+F दाबून अनुस्वार आणि त्यापुढे एक मोकळी जागा असे शोधावे. मग अनुस्वार आणि पूर्णविराम, अनुस्वार आणि स्वल्पविराम. काही प्रणालींना सुटा अनुस्वार सापडत नाही, तेव्हा 'लं', 'चं', 'णं', 'झं', 'तं' असे एकेक शोधावे. प्रमाण लेखी मराठीत शब्दाच्या अगदी शेवटी अनुस्वार फार थोड्या ठिकाणी येतो, त्यामुळे सापडलेले जवळपास सगळे दुरुस्तीचेच असते. 'गट नं.' मधला 'नं' योग्य आहे. 'क्रं.' मात्र बोलीही नाही आणि लेखीही नाही. 'क्रमांक' मध्ये 'क्र'वर अनुस्वार नसतो, म्हणून 'क्र.' लिहावे.

यानंतर 'ंय' शोधावे. 'केलंय', 'दिलंय', 'सांगितलंय' ही रूपे शब्दाच्या शेवटी अनुस्वार नसल्यामुळे पहिल्या शोधातून सुटतात. त्यांच्या जागी 'केले आहे', 'दिले आहे'.

सगळे एकदम बदलण्याचा मोह आवरावा. 'लं'च्या जागी सरसकट 'ले' टाकले तर 'अवलंबून'चे 'अवलेबून' आणि 'विलंब'चे 'विलेब' होते. एकेक पाहूनच बदलावे. शिवाय पत्रात कुणाचे बोलणे जसेच्या तसे अवतरणचिन्हात दिले असेल तर त्याला हात लावू नये.

दुसरी तपासणी : कोण कोणाशी बोलत आहे

'तुम' ही दोन अक्षरे शोधावीत. 'तुम्ही, तुम्हाला, तुमच्या, तुमच्याकडे' एका फेरीत सापडतात. शासकीय पत्रात 'आपण' हा संकेत आहे, म्हणून पुष्कळ जण 'तुम्ही'च्या जागी 'आपण' टाकून मोकळे होतात. तेवढ्याने काम होत नाही, कारण 'आपण' हा शब्द मराठीत तीन कामे करतो.

पहिले काम आदरार्थी समोरच्याचे: 'आपण कळविले होते.' दुसरे काम 'आपण दोघे' या अर्थाचे: 'मागच्या आठवड्यात आपण बोललो.' तिसरे काम स्वतःचे: 'त्याने आपला अर्ज दिला.' बोलताना सूर आणि समोरचा चेहरा अर्थ लावून देतो. कागदावर ती सोय नाही. 'मी आपल्या आईच्या नावावरील जमिनीबाबत अर्ज केला होता' हे वाक्य तहसीलदारांना लिहिले, तर आई कोणाची? लिहिणाऱ्याला प्रश्नच पडत नाही, वाचणाऱ्याला पडतो. म्हणून पत्रापुरता नियम असा ठेवावा: 'आपण/आपला' फक्त वाचणाऱ्यासाठी, स्वतःसाठी कायम 'मी/माझा', आणि दोघांसाठी एकत्र काहीच नाही. 'आपण बोललो' ऐवजी 'दि. २ जुलै रोजी मी आपल्याला समक्ष भेटलो.'

'तुम्ही' काढल्यावर क्रियापदांकडे परत पाहावे. 'केलेत, दिलेत, सांगितलेत' या रूपांतला शेवटचा 'त' समोरासमोरच्या बोलण्याचा असतो. 'आपण सांगितलेत' चूक नाही, पण पत्रात 'आपण सांगितले होते' जास्त बसते. 'आपणास' आणि 'आपल्याला' दोन्ही चालतात, मात्र एक निवडून तोच शेवटपर्यंत ठेवावा.

यापुढे जाऊन एक सल्ला. जिथे काम अधिकारी व्यक्तीने नव्हे, कार्यालयाने करायचे आहे, तिथे 'आपण'ही टाळून 'आपले कार्यालय' लिहावे. अधिकाऱ्याची बदली होते, फाईल कार्यालयात राहते. सहा महिन्यांनी नवीन अधिकारी पत्र वाचतो तेव्हा 'आपण मला आश्वासन दिले होते' हे वाक्य त्याला लागू पडत नाही.

'साहेब' आणि 'मॅडम' वरच्या पत्त्यातून आणि मजकुरातून दोन्हींकडून काढावेत. 'मा. तहसीलदार साहेब' यात आदर दोनदा येतो. 'मा. तहसीलदार' पुरे, आणि संबोधनात 'महोदय' किंवा 'महोदया'. पदनाम कार्यालयाच्या फलकावर किंवा त्यांच्या आधीच्या पत्रावर जसे छापले आहे तसेच घ्यावे, आपल्या सवयीने नाही.

लिहिणारा कोण, हे ठरवणे सोपे आहे. एकच सही असेल तर 'मी'. दोघे-तिघे सही करणार असतील तर 'आम्ही'. 'अर्जदार' हा शब्द छापील नमुन्यात किंवा वकिलाने लिहिलेल्या अर्जात शोभतो. तिथे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत येतो आणि 'मी' कुठेच येत नाही. मधेच एकदा 'सदर अर्जदाराने' म्हटले की वाचणाऱ्याला वाटते, हा दुसराच कोणी माणूस आहे. घरच्यांच्या वतीने म्हणून जे 'आम्ही' येते, तेही पाहावे: कागदपत्रे खरोखर कोणी दिली?

तिसरी तपासणी : विनंतीचे क्रियापद

पत्रातले हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत जास्त घोटाळा इथेच. चार रूपे आलटून पालटून वापरली जातात:

'नोंद करा' ही आज्ञा झाली, बोलण्यातली.
'नोंद करावी' ही विनंती झाली, कर्ता समोर आहे.
'नोंद करण्यात यावी' हीही विनंतीच, पण कर्ता गायब आहे.
'नोंद करून मिळावी' यात अर्जदाराला काय हवे ते आहे, कोण देणार ते नाही.

शेवटची तिन्ही लेखी भाषेत चालतात. दोष एकापेक्षा जास्त रूपे जोडण्यात आहे. 'आपण नोंद करण्यात यावी' हे वाक्य हमखास सापडते आणि व्याकरणातच मोडते: 'आपण' हा कर्ता आहे आणि 'करण्यात यावी'ला कर्ता नको असतो. 'आपण नोंद करावी' किंवा 'नोंद करण्यात यावी' यांपैकी एक ठेवावे. पहिले अधिक चांगले. 'करण्यात यावे'ची सवय कार्यालयांना आहे, कारण तिथे पत्र एका पदाकडून दुसऱ्या पदाकडे जाते. नागरिकाने कोणी काय करायचे ते स्पष्ट सांगितले तर त्याचाच फायदा.

एका वाक्यात दोनपेक्षा जास्त विनंत्या असतील तर त्या १, २, ३ अशा सुट्या कराव्यात. सगळ्यांना एकच शेपूट लावावे: 'करावी', 'द्यावी', 'कळवावी'. पहिली 'करावी', दुसरी 'द्या', तिसरी 'मिळावी' अशी झाली की सुटे करूनही उपयोग नाही.

चौथी तपासणी : राग आणि गयावया

हे शोधून सापडत नाही, वाचावे लागते. 'ना', 'तर', 'की', 'च' हे छोटे शब्द पाहावेत. 'आम्ही तर सगळेच दिले होते', 'अजून किती दिवस थांबायचे', 'गरिबाला कोणी विचारतच नाही'. अनुस्वार काढले, 'आपण' आणले, तरी ही वाक्ये बोलीतच राहतात, कारण त्यांचा सांगाडाच बोलण्याचा आहे. त्यांना गोंडस शब्द घालून उपयोग नाही. वाक्यामागे कोणती वस्तुस्थिती आहे ते विचारावे आणि तीच लिहावी. 'किती चकरा मारायच्या' यामागे तारखा आहेत. 'काहीच उत्तर नाही' यामागे एक अर्ज आणि त्याचा आवक क्रमांक आहे. तारीख आणि क्रमांक आले की राग आपोआप लेखी भाषेत उतरतो, आणि जास्त टोचतोही.

पाचवी तपासणी : उसना कचेरीपणा

वेळखाऊ, कारण यात शब्द माहीत असावे लागतात. काही शब्द नागरिकाच्या तोंडी शोभत नाहीत, कारण ते कार्यालयाचे आहेत. 'आपणास कळविण्यात येते की' असे कार्यालय लिहिते. अर्जदार 'कळवितो' किंवा सरळ मुद्द्याला येतो. 'निम्नस्वाक्षरीकार' तसेच. 'सदर' म्हणजे आधी सांगितलेले; ज्याचा उल्लेखच झालेला नाही त्याला 'सदर' लावता येत नाही. 'सदर'च्या जागी 'हा/ही/हे' बसवून वाक्य चालते का ते पाहावे. बहुतेक वेळा चालते.

'माझे वडिलांचे नावे', 'आपले कार्यालयात', 'मिळणेबाबत' ही जुन्या दप्तरी वळणाची रूपे आहेत. कार्यालयांत ती अजून दिसतात म्हणून ती बरोबरच असा समज होतो. आजच्या प्रमाण मराठीत सामान्यरूप होते: 'माझ्या वडिलांच्या नावे', 'आपल्या कार्यालयात', 'मिळण्याबाबत'. पत्रात उरलेले सगळे आजच्या मराठीत असेल तर ही तीन-चार रूपे उठून दिसतात.

आणि एक जोडी अर्थच बदलते. 'कार्यवाही' म्हणजे कामाची पुढची पायरी. 'कारवाई' म्हणजे कोणाविरुद्ध उचललेले पाऊल. 'संबंधितांवर कार्यवाही करावी' यातून नेमके काय हवे ते कळत नाही. काम पुढे न्यायचे असेल तर 'माझ्या अर्जावर कार्यवाही करावी'. तक्रार असेल तर 'कारवाई', आणि ती वेगळ्या अर्जात. एका पत्रात काम आणि तक्रार दोन्ही घातली की भाषाही दुभंगते.

अडलेल्या शब्दासाठी भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश आणि पदनाम कोश पाहावेत. पण कोशात शब्द आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असे नाही. 'निधन' पुरत असेल तिथे आणखी जड शब्द शोधू नये.

एक पत्र सोडवून

वारस नोंदीचा अर्ज अडकला आहे म्हणून तहसीलदारांना लिहिलेले पत्र:

> विषय : वारस नोंद मिळणेबाबत.
> महोदय,
> उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, माझे वडिलांचे नावे गट क्र. ११२ ही जमीन आहे. ते वारले तेव्हा आम्ही लगेच सगळी कागदपत्रं तलाठी ऑफिसला दिली. पण तीन महिने झाले तरी काहीच झालेलं नाही. साहेब तुम्ही सांगितलं होतं की आठ दिवसात होईल. सदरहू अर्जदाराने वारंवार चकरा मारूनही दाद मिळत नाही. आता आम्ही काय करायचं? तरी आपण लवकरात लवकर नोंद करण्यात यावी व संबंधितांवर कार्यवाही करा ही नम्र विनंती.

पहिल्या तपासणीत 'कागदपत्रं', 'झालेलं', 'सांगितलं', 'होतं', 'करायचं' असे पाच शब्द निघतात. दुसऱ्या तपासणीत खरी गोष्ट बाहेर येते. 'तुम्ही सांगितलं होतं' हे तहसीलदारांनी सांगितलेलेच नाही, ते तलाठी कार्यालयात कोणीतरी सांगितले. बोलीत 'तुम्ही' म्हणजे 'तुमच्या लोकांनी' असा अर्थ चालून जातो; कागदावर तो खोटा आरोप होतो. 'सांगितलं'चे 'सांगितले' करून हा दोष गेला नसता. तिसऱ्या तपासणीत 'आपण ... करण्यात यावी' आणि 'करा' दिसतात. चौथीत 'चकरा' आणि 'काय करायचं' यांच्या जागी तारखा हव्यात. पाचवीत 'कळविण्यात येते', 'माझे वडिलांचे नावे', 'सदरहू' आणि 'कार्यवाही'. शिवाय 'तरी' दोनदा आहे आणि दोन अर्थांनी: एकदा 'असे असूनही', एकदा 'म्हणून'. दुसरे पत्रातले आहे, ते ठेवायला हरकत नाही.

दुरुस्तीनंतर:

> विषय : वारस नोंदीच्या प्रलंबित अर्जाबाबत.
> संदर्भ : माझा तलाठी कार्यालयातील दि. ६ मे रोजीचा अर्ज, आवक क्र. ......
> महोदय,
> माझ्या वडिलांच्या नावे गट क्र. ११२ ही शेतजमीन आहे. त्यांचे दि. ११ एप्रिल रोजी निधन झाले. वारस नोंदीसाठी मी दि. ६ मे रोजी तलाठी कार्यालयात अर्ज व कागदपत्रे दिली. त्याची पोच सोबत जोडली आहे. आजपर्यंत नोंद झालेली नाही.
> दि. २ जुलै रोजी मी तलाठी कार्यालयात चौकशी केली असता आठ दिवसांत नोंद होईल असे सांगण्यात आले. त्यानंतर दि. १५ व २९ जुलै रोजीही मी समक्ष चौकशी केली.
> तरी आपण माझ्या अर्जावर कार्यवाही करण्याच्या सूचना द्याव्यात आणि अर्जात त्रुटी असल्यास ती मला लेखी कळवावी, ही विनंती.
> आपला विश्वासू,

'सांगण्यात आले' येथे मुद्दाम ठेवले आहे, कारण सांगणाऱ्याचे नाव माहीत नाही. कर्ता माहीत नसतो तिथे हे रूप कामाचे. 'ऑफिस'चे 'कार्यालय' केले, पण 'पोच'ला हात लावला नाही. तो शब्द टपाल शाखेत रोजचा आहे. सही करणारी स्त्री असेल तर 'आपली विश्वासू', आणि मजकुरातली क्रियापदेही त्याप्रमाणे. 'चौकशी केली' बदलत नाही, 'मी गेलो' असेल तर ते बदलते.

सगळे झाल्यावर पत्र एकदा मोठ्याने वाचावे, तेही शेवटच्या परिच्छेदापासून उलटे. उलटे वाचताना हकिगतीच्या ओघात वाहून जाता येत नाही आणि सांधे ऐकू येतात.

कुठे थांबावे

साधा अर्ज, स्मरणपत्र, माहिती मागणे, दाखला मागणे इथपर्यंत घरी दुरुस्ती करता येते. पुढील कागदांना मात्र भाषेच्या कारणाने हात लावू नये: प्रतिज्ञापत्र, अपील, हरकत, कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर आणि न्यायालयात जाणारा कोणताही कागद. त्यांत 'सदर', 'अर्जदार', 'जाब देणार' हे शब्द पक्षकार ओळखण्यासाठी असतात. वाचायला सोपे व्हावे म्हणून ते बदलले तर कोण कोणाविरुद्ध म्हणतो आहे तेच बदलू शकते. हे काम वकिलाचे.

मुदतीचा कागद असेल तर भाषेत अडकू नये. माहितीच्या अधिकारातील पहिले अपील साधारणपणे उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करावे लागते, आणि उत्तरच आले नाही तर ते येण्याची मुदत संपल्यापासून. एकोणतिसाव्या दिवशी 'केलं'चे 'केले' करत बसण्यापेक्षा अपील तसेच दाखल करून पोच घ्यावी.

पत्र एकदा आवक झाले की दुरुस्त प्रत पुन्हा देऊ नये. एकाच विषयाचे दोन अर्ज नोंदले जातात आणि उत्तर कोणत्या अर्जावर आले हे नंतर शोधत बसावे लागते. आशयात चूक राहिली असेल, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या 'तुम्ही सांगितलं' सारखी, तरच आधीच्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन तेवढ्या मुद्द्यापुरते दोन ओळींचे पत्र द्यावे.